ओली बेंबी: लाल गोळी आणि लाल कातडी यांतला फरक

एका मे महिन्यात, भर दुपारच्या उन्हात, नागपूरच्या महाल भागातून एक आजी आपल्या १६ दिवसांच्या नातीला घेऊन आमच्या नवजात तपासणीच्या खोलीत आल्या. सोबत बाळाची आई होती, पण बोलत होत्या आजीच. "सिस्टर, नाळ पडून आठवडा झाला जी, पण बोंबी काही सुकत नाही. आतून मांस वाढलं आहे." मी झबले वर केले, तेव्हा बेंबी आणि तिच्याभोवतीची दोन बोटे रुंद कातडी गडद पिवळी दिसत होती. खोबरेल तेलात कालवलेली हळद होती ती, आणि सकाळीच लावलेली. त्या पिवळेपणात पू आहे की नाही ते कळत नव्हते, कातडी लाल आहे की हळदीमुळे तशी दिसते आहे तेही कळत नव्हते. बाळाच्या बेंबीत जे पाहायचे असते, नेमके तेच झाकले गेले होते.

उकळून कोमट केलेल्या पाण्यात कापूस बुडवून मी हळद पुसायला घेतली. तेलामुळे ती सहज निघेना, तीन बोळे लागले. खाली निघाली ती बाळाची नेहमीची गव्हाळ कातडी. सूज नाही, कडकपणा नाही, गरमपणा नाही. बेंबीच्या खोलगट भागात मात्र मटाराच्या लहान दाण्याएवढी, ओली, चकचकीत, लालसर गुलाबी गोळी बसलेली होती. बोळा तिला लागला तरी बाळाने तोंड वाकडे केले नाही. मी आजींना म्हटले, "आजी, गोळी लाल आहे, पण कातडी लाल नाही. हीच चांगली गोष्ट आहे."

हे वाक्य मी असंख्य वेळा उच्चारले आहे आणि या लेखात सांगायचे आहे ते मुख्यतः हेच. बेंबीत काहीतरी लाल दिसले की घरातली सगळी माणसे घाबरतात, आणि कधीकधी ज्याला घाबरायला हवे त्याकडे मात्र लक्ष जात नाही. बेंबीच्या आतली ओली लाल गोळी ही बहुतेक वेळा सावकाश, ठरवून उपचार करण्याची बाब असते. बेंबीभोवतीची कातडी लाल होऊ लागणे ही मात्र त्याच दिवशी, रात्र असली तर त्याच रात्री, रुग्णालयात जाण्याची बाब असते. हा फरक समजायचा असेल, तर नाळ कशी बंद होते ते आधी थोडे समजून घ्यावे लागते.

नाळेत तीन रक्तवाहिन्या असतात: दोन धमन्या आणि एक शीर. त्यांच्याभोवती जेलीसारखा चिकट, पांढुरका पदार्थ असतो. जन्मानंतर नाळेला चिमटा लावून ती कापली की उरलेल्या तुकड्याला रक्तपुरवठा राहत नाही, आणि तो हळूहळू पिवळट, मग तपकिरी, मग काळा होत वाळतो. नाळ पडते ती मात्र केवळ वाळल्यामुळे नाही. बाळाच्या शरीरातल्या पांढऱ्या पेशी नाळ आणि पोट यांच्या सांध्यावर जमतात आणि तिथला दुवा विरघळवून टाकतात. त्यामुळे त्या सांध्यावर थोडा चिकट, पिवळसर, कधी किंचित वास येणारा ओलावा दिसणे हा नाळ सुटण्याच्या प्रक्रियेचाच भाग आहे. तो पू नव्हे. बहुतेक बाळांची नाळ ५ ते १५ दिवसांत पडते. पडताना झबल्यावर रक्ताचे दोन-चार थेंब दिसतात आणि नंतरचे काही दिवस बेंबीच्या तळाशी ओलसरपणा राहतो, तेही नेहमीचेच. तीन आठवडे उलटूनही नाळ पडली नाही, तर मात्र बालरोगतज्ज्ञांना दाखवावे, कारण क्वचित काही बाळांमध्ये या पांढऱ्या पेशींच्याच कामात जन्मजात दोष असतो.

बाहेरून नाळ वाळली, म्हणजे आतला रस्ता त्याच क्षणी बंद झाला, असे नसते, ही गोष्ट फार थोड्या पालकांना माहीत असते. नाळेतली शीर बेंबीपासून सरळ यकृताकडे जाते. जन्मानंतर साधारण पहिला आठवडाभर ती पुन्हा उघडता येते. अत्यवस्थ नवजात बाळाला सलाइन आणि औषधे देण्यासाठी डॉक्टर याच शिरेत बारीक नळी घालतात. डॉक्टरांना जो रस्ता उपयोगी पडतो, तोच रस्ता जंतूंनाही मोकळा असतो. बेंबीवर लावलेली राख, शेण, काजळ किंवा उघड्या डब्यातली हळद आणि तेल यांना आमचा विरोध असतो तो या कारणाने. घरातल्या मोठ्या माणसांच्या मायेवर त्यात आक्षेप नसतो. स्वच्छता आणि कोरडेपणा हीच नाळेची निगा आहे: हात धुवायचे, नाळ उघडी ठेवायची, लंगोट किंवा डायपरची वरची कड बेंबीच्या खाली दुमडायची, घाण लागली तर स्वच्छ पाण्याने पुसून मऊ कापडाने टिपायचे, आणि वर काहीही लावायचे नाही. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय अँटिबायोटिक पावडरही नाही, कारण ओलाव्यात ती भिजून तिचे गठ्ठे होतात आणि बेंबीचा तळ दिसेनासा होतो.

आता कातडीच्या लालपणाकडे येते, कारण त्यात वेळ दवडता येत नाही. जंतुसंसर्ग झाला की बेंबीच्या कडेची कातडी आधी लालसर होते, मग ती लाली वर्तुळासारखी पोटावर पसरू लागते, कातडी सुजते, गरम लागते आणि हाताला टणक वाटते. बेंबीतून घट्ट, पिवळा-हिरवा पू येतो आणि त्याचा घाण वास दूरवरून जाणवतो. दिवस भरलेल्या बाळांत हे बहुधा पहिल्या आठवड्याच्या शेवटाकडे किंवा दुसऱ्या आठवड्याच्या सुरुवातीला दिसते, आणि दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांत त्याहूनही आधी.

आपल्याकडच्या सावळ्या कातडीवर लाली ओळखणे पुस्तकातल्या चित्रांइतके सोपे नसते, हे इथे मुद्दाम सांगते. पिवळ्या बल्बच्या प्रकाशात तर ती दिसतच नाही. बाळाला खिडकीपाशी दिवसाच्या उजेडात न्यावे आणि बेंबीभोवतीच्या कातडीची तुलना पोटाच्या कडेच्या कातडीशी करावी. सावळ्या बाळात लाली पुष्कळदा गडद, जांभळट किंवा नुसती चमकदार दिसते. त्यापेक्षा हाताला अधिक कळते. हाताची मागची बाजू आधी बाळाच्या कुशीवर आणि मग बेंबीभोवती ठेवून गरमपणातला फरक पाहावा, बोटाच्या टोकाने अगदी हलके दाबून कातडी मऊ आहे की ताणलेली ते पाहावे, आणि दाबल्यावर बाळ कळवळते का ते पाहावे. गोळीला हात लागला तरी बाळ रडत नाही, कारण तिच्यात मज्जातंतू नसतात. संसर्ग झालेल्या कातडीला हात लागला की बाळ रडते. नुसत्या डोळ्यांनी ठरत नसेल, तेव्हा ही खूण फार उपयोगी पडते.

डायपरची कड किंवा नाळेचा चिमटा घासल्यामुळेही बेंबीच्या कडेला एखादी अरुंद लालसर रेघ उठते. ती जिथे घासले तिथेच असते, सूज नसते, पू नसतो, आणि डायपर खाली दुमडला की काही तासांत फिकी पडते. यात शंका राहिली, तर शंकेचा फायदा बाळाला द्यावा आणि दाखवून आणावे. बॉलपेनाने लालीच्या कडेवर रेघ आखून ठेवण्याची पद्धत चांगली आहे. रुग्णालयात गेल्यावर लाली त्या रेघेच्या पुढे किती गेली ते डॉक्टरांना लगेच कळते. पण ती रेघ वाटेत असताना उपयोगी पडावी म्हणून आहे. रेघ आखून घरी रात्रभर वाट पाहू नये. नवजात बाळाच्या पोटावरची लाली काही तासांत पुढे सरकू शकते.

ताप नाही म्हणून निर्धास्त राहणे ही मी पाहिलेली सर्वांत महाग पडणारी चूक आहे. मोठ्या माणसाला संसर्ग झाला की ताप येतो. नवजात बाळाला येईलच असे नसते, उलट अंग गार पडू शकते. काखेत थर्मामीटर लावून ३७.५ अंश सेल्सिअस, म्हणजे ९९.५ फॅरनहाइट, किंवा त्याहून जास्त भरले तर ते धोक्याचे, आणि ३५.५ अंश सेल्सिअसहून कमी भरले तर तेही तितकेच धोक्याचे. नागपूरच्या उन्हाळ्यात कूलर नसलेल्या खोलीत, दुपट्यात घट्ट गुंडाळलेल्या बाळाचे अंग नुसत्या उष्म्यानेही तापते, हे खरे आहे. पण बेंबी लाल असताना त्या उष्म्यावर सगळे ढकलू नये. थर्मामीटरपेक्षाही मी आईला एक प्रश्न विचारते: बाळ कालच्यासारखे ओढून पीत आहे का? दूध कमी ओढणे, पाजायला उठवावे लागणे, हलवल्याशिवाय हालचाल न करणे, कण्हणे, श्वास मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त होणे, छाती आत ओढली जाणे, पोट फुगणे, यांपैकी एक जरी गोष्ट लाल किंवा पू येणाऱ्या बेंबीसोबत दिसली, तर संसर्ग बेंबीपुरता राहिलेला नाही असे धरून निघावे.

अशाच एका सहा दिवसांच्या मुलाला आमच्याकडे पहाटे आणले होते. आदल्या संध्याकाळी घराजवळच्या एका दवाखान्यात त्याला पावडर देऊन परत पाठवले होते. रात्री त्याने दोनदा दूध नाकारले, आणि पहाटे आईने मोबाइलच्या उजेडात पाहिले तर लाली बेंबीपासून तीन बोटे वर गेलेली. त्याला भरती केले, रक्ताच्या तपासण्या पाठवल्या आणि शिरेतून दोन प्रतिजैविके सुरू झाली. दुसऱ्या दिवशी लाली वाढायची थांबली, चौथ्या दिवशी तो पुन्हा ओढून प्यायला लागला, आणि दहा दिवसांचा उपचार पुरा करून घरी गेला. कातडी जांभळी-काळी पडू लागली, तिच्यावर फोड आले किंवा दाबल्यावर आत बुडबुडे फुटल्यासारखे जाणवले, तर संसर्ग कातडीखालच्या थरांत खोल उतरलेला असतो आणि तेव्हा शस्त्रक्रियाही लागते. शिरेच्या वाटेने जंतू आत गेले, तर यकृताकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीत गुठळी होऊन त्याचे परिणाम मूल काही वर्षांचे झाल्यावर, रक्ताच्या उलटीच्या रूपाने, दिसू शकतात. म्हणूनच पोटाची कातडी लाल असलेल्या नवजात बाळाला नुसते तोंडाने औषध देऊन घरी ठेवत नाहीत. नागपुरात मेडिकल, मेयो आणि डागा या सरकारी रुग्णालयांत अशा बाळांना दाखल करून घेतात. आजारी अर्भकाला सरकारी रुग्णालयात नेण्यासाठी १०२ क्रमांकाची रुग्णवाहिका मोफत मिळते, आणि तातडीच्या वेळी १०८ आहेच.

गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्या स्त्रियांना घरोघरी जाऊन नवजात बाळ तपासायला शिकवले. त्या कामाचे निष्कर्ष १९९९ साली प्रसिद्ध झाले, आणि पुढे आशा ताईंच्या गृहभेटींचा देशभरचा कार्यक्रम याच वाटेने उभा राहिला. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे आशा ताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी येतात, आणि बेंबी पाहणे हा त्या भेटीचा ठरलेला भाग आहे. महालातल्या त्या आजींना १४ व्या दिवसाच्या भेटीतच "दाखवून घ्या" असे सांगितले गेले होते. त्यांनी आधी दोन दिवस हळद लावून पाहिली, एवढेच.

आता त्या ओल्या गोळीकडे. नाळ पडल्यावर बेंबीच्या तळाशी एक उघडी जखम उरते आणि आसपासची कातडी हळूहळू सरकत येऊन ती झाकते. हे झाकणे रेंगाळले, तर जखम भरून काढणारे बारीक रक्तवाहिन्यांचे मऊ ऊतक गरजेपेक्षा जास्त वाढते आणि त्याची गोळी होते. डॉक्टर तिला ग्रॅन्युलोमा म्हणतात. ती बहुधा ३ ते १० मिलिमीटरची असते, रंगाने गुलाबी ते लाल, स्पर्शाला मऊ आणि कायम ओली. तिच्यातून पाझरणारे पाणी फिकट पिवळे आणि चिकट असते, झबल्यावर वाळले की नाण्याएवढा कडक डाग पडतो, आणि घासले गेले तर थोडे रक्तही येते. बाळ मजेत असते, दूध पिते, वजन वाढते. महालातल्या नातीचे जन्माचे वजन २.८ किलो होते आणि त्या दिवशी काट्यावर ३.१ भरले. बेंबीइतकाच मला त्या काट्यामुळे धीर आला.

डॉक्टरांनी गोळी पाहून ती ग्रॅन्युलोमाच असल्याचे सांगितले आणि मिठाचा उपाय दिला. हा उपाय रुग्णालयांतही वापरला जातो. मिठाने गोळीतले पाणी बाहेर ओढले जाते, तिच्या पेशी आक्रसतात आणि ती वाळून गळते, तर भोवतालच्या निरोगी कातडीला तेवढ्या थोड्या वेळात इजा होत नाही. आईला मी तिथेच एकदा करून दाखवले. हात धुतले, बेंबी कोमट पाण्याने पुसून टिपली, कडेची कातडी दोन बोटांनी हलकेच बाजूला करून स्वयंपाकातले साधे बारीक मीठ अगदी चिमूटभर, गोळी झाकेल एवढेच, वर ठेवले, बाहेर सांडलेले कण ओल्या बोळ्याने उचलले, आणि वर गॉजची घडी ठेवली. पंधरा मिनिटांनी ओल्या कापसाने सगळे मीठ पुसून काढले आणि बेंबी कोरडी केली. असे दिवसातून दोनदा, तीन दिवस. मीठ तासन्तास बांधून ठेवायचे नाही, चमचाभर भरायचे नाही, आणि कातडी लाल किंवा सोललेली असेल तर मुळीच वापरायचे नाही, हेही सांगितले.

आजींना मीठ पटत नव्हते. "जखमेवर मीठ झोंबते ना जी?" असे त्यांनी विचारले, आणि प्रश्न अगदी बरोबर होता. पण गोळीत मज्जातंतू नाहीत, म्हणून तिथे झोंबत नाही. कातडीवर सांडले तर झोंबेल, म्हणून तर सांडलेले कण उचलायचे. दुसऱ्या दिवशी आईने फोन करून सांगितले की गोळी पांढरट-करडी पडली आहे. चौथ्या दिवशी मी पाहिली तेव्हा ती निम्मी झाली होती आणि झबल्यावर डाग नव्हता. आठव्या दिवशी बेंबीच्या तळाशी फक्त एक वाळका ठिपका होता. हा उपाय सोपा असला तरी आधी डॉक्टरांनी गोळी पाहायलाच हवी, कारण ग्रॅन्युलोमासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या गाठींवर मीठ लावून उपयोग होत नाही आणि त्यात फक्त दिवस जातात.

मिठाने गोळी गेली नाही, तर डॉक्टर सिल्व्हर नायट्रेटची काडी गोळीला लावतात. तिने गोळी जळून काळी पडते, पण कातडीला लागली तर कातडीही जळते; म्हणून आधी भोवती व्हॅसलिनचा थर देतात आणि हे काम दवाखान्यातच होते. गोळीला देठ असेल, तर दोऱ्याने बांधून तिचा रक्तपुरवठाही बंद करतात. पूर्वी मोरचुदाचा खडा लावत असत. मोरचूद विषारी आहे. घरी आणून बाळाच्या बेंबीला कोणीही लावू नये.

दोन-तीन वेळा उपचार करूनही गोळी तशीच राहिली, तर निदानच पुन्हा तपासावे लागते. आईच्या पोटात असताना बाळाच्या बेंबीला दोन नळ्या जोडलेल्या असतात, एक आतड्याकडून आलेली आणि एक मूत्राशयाकडून आलेली, आणि जन्माच्या बऱ्याच आधी त्या मिटून जातात. क्वचित त्यांचा अंश उरतो. आतड्याच्या अस्तराचा तुकडा बेंबीत राहिला तर जी गाठ दिसते तिला पॉलिप म्हणतात. ती ग्रॅन्युलोमापेक्षा अधिक लाल, चकचकीत आणि किंचित टणक असते, आणि तिच्यातून शेंबडासारखा बुळबुळीत स्राव येतो. ती मिठाने जात नाही, काडीने जात नाही. ती शस्त्रक्रियेनेच काढावी लागते.

नळी पूर्ण उघडी राहिली असेल, तर झबल्यावरचा डागच ते सांगतो. मूत्राशयाची नळी उघडी असेल तर बेंबीतून पाण्यासारखे, न चिकटणारे द्रव येते आणि बाळ रडले किंवा कुंथले की ते वाढते, आई सांगते, "डायपर कोरडा असतो, पण झबले बेंबीपाशी भिजते." आतड्याची नळी उघडी असेल तर पिवळे-हिरवे, शीसारखे द्रव किंवा हवेचे बुडबुडे येतात. अशा वेळी बेंबीवर कोरडा पांढरा गॉज ठेवून तासाभराने त्याचा रंग, वास आणि चिकटपणा पाहावा, आणि तोच गॉज स्वच्छ पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवावा. सोनोग्राफीने आणि गरज पडली तर रंगद्रव्य घालून काढलेल्या एक्स-रेने नळी कुठवर जाते ते कळते, आणि मुलांच्या शल्यविशारदाकडे पाठवले जाते.

रक्ताबद्दल थोडेच सांगायचे आहे. थेंब दोन थेंब आले तर काळजी नाही. पण स्वच्छ कापडाने १० मिनिटे सलग, मध्येच उचलून न पाहता, दाबून धरूनही रक्त थांबले नाही, तर लगेच रुग्णालयात जावे आणि जन्मावेळी बाळाला व्हिटॅमिन केचे इंजेक्शन मिळाले होते का ते कागदपत्रांत पाहून सांगावे. घरी जन्मलेल्या बाळात ते राहून गेलेले असू शकते.

महालातली ती नात पुढे दीड महिन्याच्या लसीसाठी आली, तेव्हा तिच्या बेंबीवर एक रुपयाचे नाणे पट्टीने बांधलेले होते. खाली कातडीने झाकलेला, कोरडा, मऊ फुगवटा होता. रडली की वर यायचा, बोटाने दाबला की आत जायचा. हा बेंबीचा हर्निया. त्याचा गोळीशी काही संबंध नव्हता, आणि बहुतेक मुलांत तो पहिल्या काही वर्षांत आपोआप बुजतो. नाण्याने तो लवकर बुजत नाही, उलट पट्टीखाली घाम साचून कातडी सोलते. आजींनी नाणे स्वतःच सोडले. पट्टीखालची कातडी लालसर झाली होती, पण लाली नाण्याएवढीच गोल होती, गरम नव्हती, आणि पुढच्या दोन दिवसांत नुसत्या हवेने गेली. तो फुगवटा कधी टणक झाला, दाबूनही आत गेला नाही आणि बाळ रडायचे थांबेना किंवा उलट्या करू लागले, तर क्षणभरही न थांबता घेऊन या, एवढे मात्र मी त्यांच्याकडून दोनदा म्हणवून घेतले.